तांब्याच्या वायरने खाल्लेले ४१ अंश

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर. त्याच्या टोकाला, जिथे त्या दोन तारा वेल्ड केलेल्या असतात तिथेच व्होल्टेज तयार होतं, असं खूप जण समजतात, भट्टीवर रोज काम करणारेसुद्धा. पण तसं नाहीये. तार जिथे एकीकडे गरम आणि पुढे थंड होत जाते त्या सगळ्या पट्ट्यात व्होल्टेज तयार होतं, टोक फक्त दोन तारा जोडून ठेवतं. मला या विषयातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

म्हणजे थर्मोकपल भट्टीचं तापमान सांगतच नाही, दोन टोकांमधला फरक सांगतं. म्हणून कंट्रोलरच्या टर्मिनलजवळ एक छोटा सेन्सर असतो, तो तिथलं तापमान मोजतो आणि तेवढे मिलिव्होल्ट मिळवतो, यालाच कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन म्हणतात. बघायचं असेल तर थर्मोकपल काढा आणि इनपुटची दोन टर्मिनल साध्या तारेने शॉर्ट करा, डिस्प्लेवर शून्य नाही, साधारण टर्मिनलजवळचं तापमान दिसेल.

आता समजा भट्टी ९०० अंशांवर आहे, के टाइप थर्मोकपल आहे, त्याचं हेड, म्हणजे पुढची वायर जोडायचा डबा, भट्टीला लागून असल्यामुळे ७० अंशांवर तापलंय आणि पॅनल ३० अंशांवर. कुणीतरी हेडपासून पॅनलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली. दोन्ही तारा तांब्याच्याच, त्यामुळे ७० ते ३० या उताराचं व्होल्टेज एकमेकांत कटून जातं. ९०० चे ३७.३३ मिलिव्होल्ट, त्यातून ७० चे २.८५ गेले, उरले ३४.४८. कंट्रोलरला वाटतं थंड टोक आपल्याजवळच आहे, तो ३० चे १.२० मिळवतो, झाले ३५.६८, म्हणजे ८५९ अंश. तब्बल ४१ अंश कमी! मग कंट्रोलर ९०० दाखवायला भट्टी ९४० च्या आसपास नेतो आणि माल जास्त तापतो. डिस्प्लेवर दशांश चिन्हापुढे आकडा दिसला की लोक रीडिंग अचूक मानतात, पण चुकीच्या वायरिंगवर तो दशांश काही कामाचा नाही.

आरटीडी या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचं वेगळं आहे, तिथे तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टन्स मोजतात, कोल्ड जंक्शनचा प्रश्नच नाही आणि तांब्याची वायर चालते. पण पीटी१०० या नेहमीच्या आरटीडीमध्ये एका अंशाला जेमतेम ०.३९ ओहम बदलतो, म्हणून दोन वायरी जोडल्या आणि जाऊन-येऊन १ ओहम वायरचाच निघाला तर रीडिंग अडीच अंश जास्त येतं. तिसरी वायर त्यासाठीच देतात, तीन वायरी सारख्या असल्या की वायरचा रेझिस्टन्स वजा करता येतो. मात्र ९०० अंशांच्या भट्टीत पीटी१०० टिकत नाही, तिथे थर्मोकपलच लागतं.

तांब्याची चूक ओळखायची खूण म्हणजे भट्टी नुकतीच सुरू केली, हेड गार आहे, तेव्हा रीडिंग बरोबर असतं आणि हेड तापत जाईल तसं ते मागे पडायला लागतं. उपाय एकच, हेडपासून थेट टर्मिनलपर्यंत के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलसारखंच व्होल्टेज देणारी वायर, मध्ये तांब्याचा तुकडा नको. प्लस-मायनसही नीट बघा, केबल दोन्ही टोकांना उलटी लागली तर रीडिंग वाढतच राहतं म्हणून कुणाला शंका येत नाही, पण चूक जवळजवळ दुप्पट, ८० अंशांच्या घरात जाते. आणि अमेरिकन रंगाच्या केबलमध्ये लाल तार मायनस असते, तिथेच घोळ होतो.