क्लिनिकचा फोन: 'आत्ता', 'आजच' की 'नंबराने', हे रिसेप्शनने कसं ठरवायचं

फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला नवीन कोणी लागलं की पहिल्या दिवशी एकच सूचना मिळते, "अर्जंट असेल तर मला सांग, नाहीतर नंबर दे." अर्जंट कोण हे ठरवायचं कसं, ते कोणी सांगत नाही. मग ती बिचारी फोनवर पेशंटलाच विचारते, "इमर्जन्सी आहे का?" आणि इथेच घोळ होतो. ज्याला ऑफिसात द्यायला सर्टिफिकेट हवंय तो ठणकावून "हो, खूप अर्जंट" म्हणतो, आणि ज्याच्या छातीत खरंच कळ येतेय तो म्हणतो, "नाही हो, जरा पित्त झालंय, उद्या सकाळचं बघा."

म्हणून स्क्रिप्टमध्ये अर्जंट, इमर्जन्सी, सिरीयस हे शब्दच नकोत, सरळ काय होतंय ते विचारायचं.

फोन उचलल्यावर पहिलं वाक्य, "नमस्कार, क्लिनिकमधून बोलतेय, तुमचा नंबर सांगा, फोन कट झाला तर मी लावते." नंबर स्क्रीनवर दिसतो हे खरं, पण शेजाऱ्याच्या फोनवरून लावलेला असला तर नंतर लावून काही उपयोग नाही. दुसरं वाक्य, "पेशंट आत्ता तुमच्या शेजारी आहे का?" नाव, वय, जुना पेशंट की नवीन हे सगळं नंतर. केसपेपर नंबर विचारण्यात तर अजिबात वेळ घालवू नका, तो कोणालाच सापडत नाही.

मग चार प्रश्न, सगळ्यांना, सर्दीवाल्यालासुद्धा. श्वास घेताना त्रास होतोय का, एक वाक्य सलग बोलता येतंय का? छातीत दुखतंय, दाब किंवा जळजळ वाटतेय का, सोबत घाम येतोय का? शुद्ध हरपलीये, फिट आलीये, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय किंवा एका बाजूचा हातपाय गळालाय का? कुठून रक्त येतंय आणि थांबत नाहीये का? यातल्या एकालाही "हो" आलं तर अपॉइंटमेंटची वही उघडायचीच नाही. "क्लिनिकला आणू नका, इथे ती सोय नाही, १०८ लावा," असं स्पष्ट सांगायचं आणि लगेच डॉक्टरांच्या दारावर टकटक करायची, आत पेशंट असला तरी. डॉक्टर चिडतील म्हणून थांबू नका, चिडू देत.

सगळ्यात जास्त अडतं ते फोन करणारा पेशंटजवळ नसतो तेव्हा. समजा मुलगा पुण्यात, वडील गावी, वय ६२, शुगरच्या गोळ्या चालू. मुलगा म्हणतो, "बाबांना पित्त झालंय, संध्याकाळचा नंबर मिळेल का?" घाम येतोय का विचारलं तर "माहीत नाही, आईने एवढंच सांगितलं." इथे नंबर देऊन फोन ठेवणं सोपं असतं पण ठेवायचा नाही. म्हणायचं, "आईंचा नंबर द्या, मी स्वतः बोलते, तुम्ही फोन मोकळा ठेवा." आईला तेच चार प्रश्न. आई म्हणते, "हो गं, घामाने बनियन भिजलंय, जबड्यात पण ओढल्यासारखं होतंय, पण छातीत फार दुखत नाही म्हणतात." शुगरच्या पेशंटला हार्ट अटॅकमध्ये छातीत कमी दुखू शकतं किंवा दुखतही नाही, त्यामुळे "फार दुखत नाही" या वाक्यावर जायचंच नाही. "काकू, त्यांना बसवून ठेवा, चालवू नका, गाडीवर मागे बसवून आणू नका, मी १०८ ला सांगते, घराजवळची खूण सांगा." खुणेसोबत गाव, तालुका आणि रस्ताही लिहून घ्या, कारण कॉल सेंटरला नुसतं आपलं "पाटलांच्या वाड्याच्या मागे" कळत नाही. "गोळी कुठली देऊ?" याला उत्तर रिसेप्शनने द्यायचं नाही, डॉक्टरांना फोनवर घ्यायचं.

दुसरी अडचण वेळेची. लकव्याची लक्षणं असली की सगळे विचारतात "कधीपासून?" आणि उत्तर येतं "सकाळी सहापासून". ते खरं म्हणजे बघितल्याची वेळ असते. माणूस रात्री साडेदहाला नीट बोलून झोपला आणि सहाला उठला तेव्हा तोंड वाकडं, तर हॉस्पिटलात घड्याळ साडेदहापासून मोजतात. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची, तीही इथूनच धरतात. म्हणून प्रश्न असा, "शेवटचे एकदम नीट होते ते किती वाजता, कोणी पाहिलं?" ही वेळ चिठ्ठीवर लिहून नातेवाइकाला सोबत न्यायला सांगा, कॅज्युअल्टीत पहिल्यांदा तीच विचारतात आणि तिथे गेल्यावर कोणालाच आठवत नाही. मुदत गेली असं वाटलं तरी पाठवायचंच, आणि नुसतं जवळचं नको, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. काही पेशंटना उशिरानेही उपचार देता येतात, ते तिथले डॉक्टर बघतील, मुदत संपली हे आपण फोनवर ठरवायचं नाही.

चारही प्रश्नांना "नाही" आलं की उरतात 'आजच' आणि 'नंबराने'. आजच म्हणजे तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ किंवा वर, तेही संध्याकाळी नाही, लगेच. थर्मामीटर बहुतेक घरात नसतोच, असला तर सेल संपलेला, त्यामुळे "ताप मोजून मग फोन करा" असं म्हणून परत पाठवू नका, एवढ्या लहान बाळाचं अंग गरम लागतंय एवढं पुरे. बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवून उठत नसेल तर थेट १०८. कुत्रा चावलेलाही आजच, आणि फोनवरच सांगा की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरला म्हणून "आता बरंय, उद्याचं कॅन्सल करा" असे फोन येतात, त्यांना पोटात दुखतंय का, सारख्या उलट्या होतायत का, हिरड्यांतून रक्त येतंय का हे विचारल्याशिवाय कॅन्सल करू नका, कारण त्रास बऱ्याचदा ताप उतरतानाच वाढतो. बाकी बीपीची गोळी संपली, रिपोर्ट दाखवायचे, सर्टिफिकेट, हे सगळं नंबराने.

आता व्हॉट्सॲप. तिथे रात्री दोनला "छातीत दुखतंय" येतं आणि आपण सकाळी नऊला बघतो. निळी टिक बंद ठेवा, टिक दिसली की डॉक्टरांनी वाचलं असं घरचे समजतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. बंद वेळेसाठी मेसेज हा असा ठेवा: "क्लिनिक बंद आहे, हा मेसेज आत्ता कोणी वाचत नाहीये. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बेशुद्धी किंवा न थांबणारं रक्त असेल तर लगेच १०८ लावा. बाकीच्यांना सकाळी नऊनंतर फोन येईल." व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हा 'अवे मेसेज'मध्ये टाका, 'ग्रीटिंग मेसेज'मध्ये नाही. ग्रीटिंग फक्त पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला किंवा चौदा दिवस काही बोलणं न झालेल्यालाच जातो, म्हणजे परवा रिपोर्ट पाठवलेल्या पेशंटने आज रात्री मेसेज केला तर त्याला काहीच मिळणार नाही. वेळही 'कामाच्या वेळेबाहेर' अशी लावा, आणि दुपारी एक ते पाच क्लिनिक बंद असतं ते त्यात धरलंय का ते एकदा बघा, बऱ्याच ठिकाणी फक्त रात्रच धरलेली असते.

आणि 'आत्ता'वाल्या प्रत्येकाला दहा मिनिटांनी परत फोन, गाडी निघाली का विचारायला. बऱ्याचदा कळतं की घरात अजून कोणाची तरी वाट बघतायत. मग परत सांगायचं, थांबू नका, मागून येणारे येतील.