डायलिसिसचा वार आणि दाढ काढायचा वार

बुधवारी संध्याकाळी एक काका डायलिसिस उरकून थेट माझ्या दवाखान्यात आले. हालणारी दाढ दुखत होती. "आलोच आहे तर काढूनच टाका, डॉक्टर." त्यांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवारी असतं. सूज नव्हती, तापही नव्हता, म्हणून मी त्यांना शनिवारी सकाळी बोलावलं.

डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. त्याचा असर पुढचे चार ते सहा तास राहतो. त्या वेळात दाढ काढली तर रात्रभर रक्त झिरपू शकतं, शिवाय माणूसही थकलेला असतो. दुसऱ्या दिवशी हेपरिन उतरलेलं असतं आणि रक्तही स्वच्छ असतं. मग गुरुवारी का नाही? गुरुवारीही चाललं असतं, पण शुक्रवारी पुन्हा हेपरिन मिळालं असतं. शनिवारी काढली की जखमेतल्या गुठळीला घट्ट व्हायला सोमवारपर्यंत दोन दिवस मिळतात. सोमवारी हेपरिन कमी किंवा बंद ठेवता येईल का, हेही मी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं.

काकांच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट दोन लाख होत्या, म्हणजे अगदी नॉर्मल. इथेच फसगत होते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्तात साठणाऱ्या घाणीमुळे प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत. संख्या पुरेशी असते, काम अर्धवट होतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आणखी भर पडते, कारण प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या कडेला ढकलायचं काम लाल पेशी करतात.

शनिवारी रक्तदाब उजव्या हातावर घेतला. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा; त्या हाताला पट्टा बांधायचा नाही की सुई टोचायची नाही. दाढ निघाल्यावर खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज ठेवला, दोन टाके घातले आणि गुठळी टिकवून ठेवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधात भिजवलेलं गॉज अर्धा तास दाबून धरायला लावलं. काकूंना सांगितलं, लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका. पण तोंड पुन्हा पुन्हा लालभडक रक्ताने भरत असेल किंवा जखमेवर कलेजीसारखी गुठळी वाढत असेल, तर गॉज दाबा आणि लगेच फोन करा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल दिलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मुळीच नाही. या गोळ्या आधीच अधू असलेल्या प्लेटलेट आणखी निकामी करतात, पोटात रक्तस्राव करू शकतात आणि थोडीफार लघवी होत असेल तर तीही घटवतात. घरात उरलेली पाकिटं म्हणूनच जास्त धोक्याची. हिरडीत पू होता म्हणून अमॉक्सिसिलिनही लागलं. एरवी ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतो, पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. काकांच्या शरीरात ते साचून राहणार, म्हणून किडनीच्या डॉक्टरांशी बोलून चोवीस तासांतून एकदाच दिलं.

"सोमवारी सकाळी देऊनच पाठवते," काकू म्हणाल्या. मी थांबवलं, कारण सकाळी घेतलेलं औषध यंत्र बरंचसं धुऊन नेतं. त्यांनी पेन मागून पाकिटावर लिहिलं: 'सोमवार – डायलिसिसहून आल्यावर.'