प्रकरणाची प्रस्तावना आणि प्रकरणाचे सारांशपान: एकाच्या जागी दुसरे का चालत नाही

प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक पानी सारांश जोडा, असे मार्गदर्शकाने सांगितले की दहापैकी आठ विद्यार्थी प्रस्तावनेचाच पहिला परिच्छेद थोडा आवरून, चौकटीत घालून आणून देतात. चौकट सुबक असते, पण आत सारांश नसतो. ‘या प्रकरणात कांदा साठवणुकीच्या पद्धतींची चर्चा केली असून होणाऱ्या घटीचा आढावा घेतला आहे’ हे वाक्य गेली कित्येक वर्षे, फक्त पिकाचे नाव बदलून, माझ्या टेबलावर येत आहे. म्हणून या दोन गोष्टी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

प्रस्तावना काय असते हे सर्वांना ठाऊक आहे: विषयाची पार्श्वभूमी, आधीचे संशोधन, त्यातील उणीव आणि पुढील मांडणीचा क्रम. सारांशपान तिच्या आधी, ४.१ हा क्रमांक सुरू होण्यापूर्वी, स्वतंत्र पानावर येते. त्यात संदर्भ, आकृत्या आणि ऋणनिर्देश नसतात. काळाचा फरकही वरवरचाच आहे: प्रस्तावना ‘पाहू’ म्हणते आणि सारांशपान ‘आढळले’ म्हणते. केवळ क्रियापद बदलून सारांशपान होत नाही, कारण ‘चर्चा केली’ हेही भूतकाळातच आहे आणि तरीही त्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

खरा फरक असा की प्रस्तावना विषयाशी बांधलेली असते, तर सारांशपान पहिल्या प्रकरणात शब्दबद्ध केलेल्या उद्दिष्टांशी बांधलेले असते. ज्या उद्दिष्टांची उत्तरे या प्रकरणात मिळतात ती तिथून जशीच्या तशी, त्याच क्रमांकाने, एक शब्दही न बदलता उचलायची आणि प्रत्येकासमोर त्याच प्रश्नाचे उत्तर, तक्त्याच्या क्रमांकासह, लिहायचे. ‘एक शब्दही न बदलता’ या अटीवर विद्यार्थी कुरकुरतात, पण सगळी किमया त्या अटीतच आहे.

उदाहरणादाखल कांदा चाळीवरील एका प्रबंधाचे चौथे प्रकरण घेऊ. आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. उन्हाळी कांदा १२ पारंपरिक आणि १२ खालून हवा खेळणाऱ्या चाळींत चार महिने ठेवला. पारंपरिक चाळीत वजनातील एकूण घट ३९ टक्के आली: वाळल्यामुळे १९, सडीमुळे १६ आणि कोंब फुटल्यामुळे ४. हवेशीर चाळीत ती २७ टक्के आली: वाळल्यामुळे १७, सडीमुळे ७ आणि कोंबांमुळे ३. पहिल्या प्रकरणातील दुसरे उद्दिष्ट असे होते: ‘साठवणुकीतील घटीचे सर्वांत मोठे कारण ठरवणे.’ विद्यार्थिनीने सारांशपानावर त्यासमोर लिहिले, ‘सड हे सर्वांत मोठे कारण आहे.’

वरचे आकडे पुन्हा पाहा. दोन्ही प्रकारच्या चाळींत सर्वांत मोठे कारण वाळणे हेच आहे. मग तिला सड का दिसली? दोन चाळींमधील फरक १२ टक्क्यांचा आहे आणि त्यातील ९ टक्के एकट्या सडीचे आहेत. चाळ बदलल्याने जे वाचते ते मुख्यतः सडण्यापासून वाचते, ही तिची खरी आणि मोलाची गोष्ट होती, परंतु ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हती. पूर्ण प्रकरणभर ‘घट’ आणि ‘घटीतील फरक’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वावरत होते आणि तीस पानांच्या ओघात ते कोणालाच खटकले नव्हते, मलासुद्धा नाही. मूळ उद्दिष्ट आणि निष्कर्ष चार बोटांच्या अंतरावर आले तेव्हा ते खटकले. प्रस्तावनेचा परिच्छेद चौकटीत घालून हे कधीच उघडे पडले नसते, कारण ‘घटीच्या कारणांची चर्चा केली आहे’ हे विधान दोन्ही परिस्थितींत तितकेच खरे ठरते.

अशा वेळी उद्दिष्ट गुपचूप बदलून निष्कर्षाला जुळवून घेण्याचा मोह होतो. ते करू नये. त्या पानावर उत्तर म्हणून लिहावे, ‘दोन्ही प्रकारच्या चाळींत वाळणे हे सर्वांत मोठे कारण ठरले (तक्ता ४.३).’ त्याखाली, उद्दिष्टाबाहेरचा निष्कर्ष अशी स्पष्ट नोंद करून, ‘दोन चाळींमधील १२ टक्क्यांच्या फरकापैकी ९ टक्के सडीमुळे आहेत (तक्ता ४.४)’ हे द्यावे. तिसरे उद्दिष्ट ‘हवेशीर चाळीचा खर्च किती हंगामांत भरून निघतो हे ठरवणे’ असे असेल आणि मोजणी एकाच हंगामाची असेल, तर त्यासमोर ‘उपलब्ध नोंदींवरून ठरवता आले नाही, कारण परिच्छेद ४.६ मध्ये दिले आहे’ एवढेच यावे. बहिःस्थ परीक्षक अशा वाक्याने नाराज होत नाहीत. ती जागा त्यांना मौखिकीच्या वेळी स्वतः शोधून काढावी लागली की मात्र होतात.

सारांशपान लिहिता येत नसेल तर दोष बहुधा पानाचा नसून उद्दिष्टाचा असतो, आणि इथे माझी एक जुनी तक्रार नोंदवतो. आपल्याकडील प्रबंधांत निम्मी उद्दिष्टे ‘…चा अभ्यास करणे’ अशी संपतात. अभ्यास करणे या उद्दिष्टाचे उत्तर ‘अभ्यास केला’ यापलीकडे काय असणार? ‘मोजणे’ म्हटले की समोर आकडा यावा लागतो, ‘तुलना करणे’ म्हटले की कोणते अधिक आणि कितीने हे यावे लागते, ‘तपासणे’ म्हटले की होय, नाही किंवा अमुक मर्यादेपर्यंत असे यावे लागते. म्हणून सारांशपान प्रकरण पूर्ण झाल्यावरच लिहावे, पण त्याची डावी बाजू, म्हणजे उद्दिष्टे, सामग्री गोळा करण्यापूर्वीच कोऱ्या पानावर उतरवून समोरची जागा कशाने भरता येईल ते पाहावे. तेव्हा क्रियापद बदलणे प्रामाणिकपणाचे असते, नंतर नसते.

शोधनिबंध आधीच प्रसिद्ध झाला असेल तर त्याचा गोषवारा इथे चिकटवण्याची सोयीस्कर पद्धतही रूढ आहे. तो गोषवारा नियतकालिकाच्या वाचकासाठी त्या निबंधाच्या प्रश्नाला धरून लिहिलेला असतो. प्रबंधाचे दुसरे उद्दिष्ट कोणते, हे त्याला माहीत नसते. प्रकरणाच्या शेवटी येणारा समारोपही इथे आणून ठेवू नये, कारण तो वाचकाने प्रकरण वाचले आहे असे गृहीत धरतो. शोधगंगेवर प्रबंध सामान्यतः प्रकरणनिहाय वेगवेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे चौथे प्रकरण उघडणाऱ्याने पहिले उघडलेलेच असेल असे नाही. उद्दिष्टे त्याला त्या फाइलीच्या पहिल्याच पानावर, त्यांच्या मूळ शब्दांत, दिसायला हवीत. केवळ ‘उद्दिष्ट क्र. २ साध्य झाले’ एवढे लिहिलेले पान मी सरळ परत करतो.