हंडी उलटी करा, बुडावर पाण्याचा थेंब टाका

आत्याच्या ओट्यावर दोन हंड्या आहेत. एक धारावीच्या कुंभारवाड्यातली, विटकरी आणि कोरी. दुसरी प्रदर्शनात घेतलेली, आतून हिरवीगार, काचेसारखी गुळगुळीत. आत्याच्या लेखी दोन्ही 'मातीच्याच', म्हणून आमसुलाचं सार ती हिरवीत करायला निघाली होती. घासायला सोपी ना!

कोऱ्या हंडीत भाजलेल्या मातीशिवाय काही नसतं. काही कोऱ्या हंड्याही चमकतात, कारण भट्टीत जाण्याआधी त्या गुळगुळीत दगडाने घोटलेल्या असतात. पण थेंब टाकला की हळूहळू का होईना, जिरतो. हिरव्या हंडीवरचा थर म्हणजे झिलई, मातीवर वितळवलेली काच. काच वितळायला फार उष्णता लागते, शिसं मिसळलं की ती कमी आचेवर वितळते आणि रंगही खुलतो. स्वस्त भट्टीला हे सोयीचं.

ही झिलई नीट भाजली गेली नसेल, तर आंबट पदार्थ तिच्यातलं शिसं बाहेर काढतो. चिंच, आमसूल, लिंबाचं लोणचं, ताक, सगळी आंबटं त्यात आली. जितका जास्त वेळ ठेवाल आणि जितकं गरम कराल, तितकं जास्त. प्रयोगशाळेतली चाचणीही याच तत्त्वावर चालते: भांड्यात ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे साधारण व्हिनेगरइतकं आंबट पाणी, २४ तास ठेवतात आणि त्यात उतरलेलं शिसं मोजतात. शिशाला ना रंग ना वास, त्यामुळे चवीवरून काही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर मात्र ते थोड्या प्रमाणातही परिणाम करतं.

आम्ही हिरवी हंडी उलटी केली. बुडाला झिलई नसते, तिथे खालची माती दिसते. ती लालसर होती आणि थेंब लगेच प्यायली. याचा अर्थ हंडी कमी आचेवर भाजलेली, म्हणजे झिलईत शिसं असण्याचा संशय. लोणच्याच्या चांगल्या चिनीमातीच्या बरणीचं बूड पांढरं किंवा राखाडी असतं आणि त्यावर थेंब तसाच राहतो. ती सुमारे १,२०० अंशांवर भाजलेली असते, तिथे शिशाची गरज पडत नाही. तरी थेंबाने शिसं सिद्ध होत नाही, आच किती होती एवढंच समजतं. वरून चढवलेली रंगीत नक्षीही वेगळी तपासावी लागते, ती चांगल्या बरणीवरही कमी आचेवर बसवलेली असू शकते. झिलईला भेगांची जाळी पडली किंवा धुतल्यावर पांढरट भुकटी उरली, तर ते भांडं जेवणातून बाद. उकळून किंवा घासून शिसं जात नाही.

हिरव्या हंडीत आता लसूण राहतो. कोरी हंडी रात्रभर पाण्यात भिजवली, मग मंद आचेवर तिच्यात भाताची पेज उकळली. तिला साबण लावायचा नाही, ती तो पिते. माशाच्या कालवणाचा वासही तशीच धरते, म्हणून सारासाठी आत्याने अजून एक आणायला सांगितली आहे.