फळीवरील पुस्तकांचा अंदाज

ग्रंथालयातल्या रॅकच्या एका फळीवर किती पुस्तके आहेत किंवा किती मावतील, हे न मोजता काढायची रीत. फळीची आतली लांबी घ्यायची आणि पुस्तकाच्या कण्याच्या (स्पाइनच्या) सरासरी जाडीने तिला भागायचे. ९० सेंमी लांबीच्या फळीवर सरासरी २० मिमी जाडीची पुस्तके असतील, तर ९०० भागिले २० म्हणजे ४५ पुस्तके. भागाकार तिसरीतल्या पोरालाही येतो. सगळी अडचण ‘सरासरी जाडी’ या दोन शब्दांत असते, आणि हातात फक्त फोटो असला की ती आणखी वाढते.

एकाच फळीचा स्वच्छ फोटो असेल तर या रीतीची गरज नाही, बोट ठेवून कणे मोजावेत. कणे धूसर असतील, फळी रिकामी असेल, किंवा दोनशे फळ्यांचा हिशेब करून नव्या खोलीत किती रॅक लागतील ते सांगायचे असेल, तेव्हा ही रीत कामाची.

लांबी कोणती धरायची, हे आधी ठरवावे लागते. लोखंडी रॅक सर्वसाधारणपणे तीन फुटी म्हणून विकला जातो, पण ते माप बहुधा बाहेरून बाहेर असते. उभ्या पट्ट्यांची जाडी वजा करून दोन पट्ट्यांमधले मोकळे अंतर घ्यावे. फळीवर टेकू ठेवला असेल तर त्याचीही जागा जाते.

जाडीचा पहिला अंदाज पृष्ठसंख्येवरून येतो. इथे एक हमखास चूक होते. पुस्तकावर छापलेला आकडा पृष्ठांचा असतो, आणि एका पानाला दोन पृष्ठे असतात. २०० पृष्ठांच्या पुस्तकात १०० पाने. नेहमीच्या छपाईच्या कागदाचे एक पान साधारण ०.१ मिमी धरले तर आतला ठोकळा १० मिमी, आणि पुठ्ठा बांधणी असेल तर दोन्ही बाजूंचे पुठ्ठे मिळून आणखी सुमारे ५ मिमी. म्हणजे जवळपास १५ मिमी. कागद फुगीर असेल तर तेवढ्याच पृष्ठांचे पुस्तक सहज जाड होते. हा आकडा नव्या पुस्तकाचा झाला. दहा वर्षे हातोहात फिरलेले, कोकणातले पावसाळे काढलेले पुस्तक कण्यापेक्षा उघड्या बाजूला जास्त फुगते, आणि फळीवर जागा अडवते ती त्या फुगलेल्या बाजूने. म्हणून जुन्या संग्रहात नुसत्या कण्याच्या मापावर काढलेला आकडा थोडा चढाच निघतो.

सरासरी कशी घ्यावी हा या विषयातला खरा मुद्दा. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. वर्गांकानुसार मांडणी केली की नाटके संपून कादंबऱ्या सुरू होतात अशी एक फळी येतेच. समजा, त्या फळीवर डावीकडे १० मिमी जाडीची ३० नाटके आहेत आणि उजवीकडे ४० मिमी जाडीच्या १५ कादंबऱ्या. नाटकांनी ३०० मिमी जागा घेतली, कादंबऱ्यांनी ६००. फळी ९०० मिमीची, काठोकाठ भरलेली, पुस्तके ४५, सरासरी जाडी २० मिमी.

आता एखाद्याने डोळे मिटून फळीवर कुठेही बोट ठेवले आणि बोटाखाली आलेले पुस्तक मोजले, असे बरेचदा केले. दिसायला ही निवड अगदी निःपक्ष आहे. पण फळीचा दोन तृतीयांश भाग कादंबऱ्यांनी व्यापलेला असल्यामुळे तीनपैकी दोनदा बोट कादंबरीवरच पडणार. त्याची सरासरी येईल ३० मिमी, आणि भागाकार येईल ३० पुस्तके. फळीवर आहेत ४५. त्याने मोजण्यात काहीच चूक केली नाही, तरी तिसरा हिस्सा पुस्तके गायब झाली. जाड पुस्तक जास्त जागा अडवते, म्हणून ते बोटाखालीही जास्त वेळा येते. फोटोवर कुठेही टिचकी मारून कणे निवडले तर हेच होते. त्यात नजरही जाड, ठळक अक्षरांच्या कण्यांकडे आपसूक जाते.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. पहिली, पुस्तके जागेवरून न निवडता क्रमांकावरून निवडायची. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमाने नोंदतात त्या दाखल नोंदवहीतून कोणतेही वीस-पंचवीस क्रमांक उचलायचे आणि ती पुस्तके शोधून मोजायची. नोंदवहीत जाड पुस्तकालाही एकच ओळ मिळते. दुसरी वाट बोटाने निवडलेल्या पुस्तकांनाही चालते. जाड्यांची सरासरी न काढता प्रत्येक जाडीचा व्यस्त घ्यायचा, म्हणजे एकाला जाडीने भागायचे, आणि त्या व्यस्तांची सरासरी काढायची. वरच्या उदाहरणात तीनपैकी दोनदा १/४० आणि एकदा १/१०, मिळून सरासरी १/२० येते. उलट केले की बरोबर २० मिमी. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात.

फोटो असेल तर जाडी मोजायचीही गरज नसते. फळीवर दोन-तीन ठिकाणी १० सेंमीच्या पट्ट्या आखाव्यात आणि त्यांत किती कणे आले ते मोजावे. मात्र पट्ट्या फळीभर विखुरलेल्या हव्यात. वरच्याच फळीवर सगळ्या पट्ट्या डावीकडे पडल्या तर पूर्ण फळीचा अंदाज ९० निघेल, आणि सगळ्या उजवीकडे पडल्या तर २२ किंवा २३. वर्गीकृत संग्रहात बारीक पुस्तके एकत्र बसतात आणि जाडही एकत्र बसतात. म्हणून एका रॅकची सरासरी दुसऱ्या रॅकला लावणे धोक्याचे.

फोटोचा स्वतःचाही एक सापळा आहे, आणि तो मुद्दाम पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन रॅकमधल्या चिंचोळ्या वाटेत फोटो काढणारा फार मागे जाऊ शकत नाही. समजा, मोबाइल फळीच्या पुढच्या कडेपासून ८० सेंमीवर आहे. फोटोत त्या कडेची ९० सेंमी लांबी ३६०० पिक्सेलमध्ये बसली, म्हणजे १ मिमीला ४ पिक्सेल. पण पुस्तके आत ढकललेली आहेत आणि त्यांचे कणे कडेपासून ८ सेंमी मागे आहेत. कॅमेऱ्यापासून ते ८८ सेंमीवर पडतात, त्यामुळे ८०/८८ या प्रमाणात लहान दिसतात. २० मिमीचा कणा ८० पिक्सेलचा न दिसता सुमारे ७३ पिक्सेलचा दिसतो, हिशेबात तो १८.२ मिमी होतो, आणि ४५ पुस्तकांच्या जागी ४९-५० निघतात. उपाय सोपा आहे. लांबी फळीच्या कडेवर न मोजता कण्यांच्याच रेषेत, एका उभ्या पट्टीपासून दुसरीपर्यंत मोजावी. मग लांबी आणि जाडी दोन्ही एकाच प्रमाणात लहान होतात आणि भागाकार पुन्हा ४५ येतो. प्रत्यक्षात मिलिमीटर लागतच नाहीत:

`N = फळीचे पिक्सेल / कण्याचे सरासरी पिक्सेल`

तिरक्या फोटोत हे जमत नाही. जवळच्या टोकाचे कणे जाड दिसतात, लांबच्या टोकाचे बारीक होत जातात. जवळच्या टोकाचा कणा प्रमाण धरला तर पुस्तके कमी भरतात. फोटो तिरका आहे की नाही हे ओळखायला फळीच्या वरच्या आणि खालच्या रेषा पाहाव्यात. त्या एका बाजूला जवळ येत असतील तर फोटो सोडून द्यावा, किंवा समोरून दोन तुकड्यांत पुन्हा काढावा. टाचणी मारलेल्या दोन-तीन मिमीच्या पुस्तिका मात्र कोणत्याही फोटोत नीट सुटत नाहीत. वरच्या मापाने त्यांना जेमतेम ८ ते १२ पिक्सेल मिळतात आणि त्या एकमेकींत मिसळून जातात.

उत्तरावर किती विसंबावे, हे मोजलेल्या पुस्तकांच्या संख्येवर ठरते. जाडी सरासरीच्या आसपास ८ मिमीने वरखाली होत असेल आणि १६ पुस्तके मोजली असतील, तर सरासरीतच सुमारे २ मिमीची चूक संभवते. मग ९०० मिमीच्या फळीवर उत्तर ४१ ते ५० च्या दरम्यान कुठेही येईल. एका फळीला एवढी ढिलाई चालते. तीच सरासरी दोनशे फळ्यांना लावली की ९,००० पुस्तकांत ९०० चा फरक पडू शकतो, आणि तो सगळा एकाच बाजूला पडतो. फळ्या जास्त घेतल्या म्हणून तो आपोआप मिटत नाही, कारण चूक प्रत्येक फळीत तीच आहे. १६ ऐवजी ६४ पुस्तके मोजली की ती निम्म्यावर येते.

‘किती आहेत’ आणि ‘किती मावतील’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. काठोकाठ भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना कण्याचे वरचे टोक फाटते, आणि नव्या पुस्तकाला त्याच्या वर्गांकाच्या जागी बसवायचे तर पुढच्या सगळ्या फळ्या सरकवाव्या लागतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतले पाचवे सूत्र ग्रंथालयाला वाढती सजीव संस्था म्हणते. फळीच्या भाषेत त्याचा अर्थ मोकळी जागा सोडा, एवढाच. म्हणून नियोजनात फळीची तीन चतुर्थांश ते फार तर ८५ टक्के लांबीच धरतात. ९० सेंमीच्या फळीवर २० मिमीची ४५ पुस्तके बसतात, पण तीन चतुर्थांशाच्या हिशेबाने सांगायचा आकडा ३३. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतले रॉबर्ट हेंडरसन यांनी १९३४ साली याच गरजेतून रॅकवरची जागा मोजायला ‘क्यूबुक’ हे एकक सुचवले होते. त्यात पुस्तकांच्या लहान-मोठ्या आकारांचे मिश्रण आणि थोडी रिकामी जागा आधीच धरलेली असे.

फोटोत न दिसणारी पुस्तके या रीतीत येतच नाहीत. फळी खोल असेल तर पुढच्या ओळीमागे दुसरी ओळ दडलेली असते. जागा कमी पडलेल्या वाचनालयांत हे नेहमीचे आहे. पुढच्या ओळीच्या डोक्यावर आडवी टाकलेली पुस्तकेही लांबीच्या हिशेबात धरली जात नाहीत. आडव्या ढिगाला उंची भागिले जाडी असा वेगळा भागाकार लावावा लागतो. मागची ओळ आहे की नाही, हे कधीकधी फोटोतच कळते. पुढची पुस्तके फळीच्या कडेशी येऊन टेकली असतील आणि दोन बुटक्या पुस्तकांच्या वरून आत आणखी एखादा कणा डोकावत असेल, तर उठून हात घालून पाहावे.