कुलाब्याचा सेंटिमीटरभर स्तंभ

दरवर्षी 26 जुलै जवळ आली की मुंबईच्या पावसाचे आलेख मोबाईलवर फिरू लागतात. त्यातला एक प्रकार नेहमीचा: जुलै 2005 मधला रोजचा पाऊस, सांताक्रूझचे स्तंभ निळे, कुलाब्याचे केशरी. 31 दिवसांचे मिळून 62 स्तंभ. त्यात नजर जाते ती सांताक्रूझच्या 944 मिलिमीटरच्या मनोऱ्यावर. खरं नवल मात्र त्याच्या पायाशी आहे. त्याच चोवीस तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला पडला होता सुमारे 73 मिलिमीटर.

हा आलेख 12 सेंटिमीटर उंच काढला, तर कुलाब्याचा तो स्तंभ पुरता एक सेंटिमीटरही भरत नाही. म्हणून रंग त्यालाच द्यायचा. मनोरा उंचीमुळे आपोआप दिसतो. बाकीचे 61 स्तंभ फिकट राखाडी करायचे आणि हा एकच गडद शेंदरी. एवढासा ठिपका फिक्या रंगात विरून जातो, म्हणून रंग गडदच हवा.

एकटा वेगळा रंग चटकन नजरेत का भरतो, हे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रिझमन आणि गॅरी गेलेड यांनी 1980 मध्ये मांडलं. रंग किंवा तिरपेपणा यांसारखे साधे गुण मेंदू सगळ्या दृश्यभर एकदमच टिपतो. त्यामुळे राखाडी घोळक्यातला एकटा शेंदरी सापडायला घोळका दहाचा असो की साठाचा, वेळ जवळपास तेवढाच लागतो. दोन गुण जुळवून शोधायचं असेल, तर मात्र लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं आणि वस्तू वाढतील तसा वेळ वाढतो. मूळ आलेखात केशरी स्तंभ 31 होते, म्हणजे रंग वेगळा राहिलाच नव्हता. तारखेवर बोट ठेवूनच शोधावं लागत होतं. यावरून ‘मेंदू मजकुरापेक्षा चित्रं 60,000 पट वेगानं वाचतो’ असं कुणी सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नका. त्या आकड्यामागे कुठलाही प्रयोग नाही.

रंग नजर ओढून आणतो, पण काय बघायचं ते सांगत नाही. ते काम स्तंभालगतच्या टिपेचं. आपली तीक्ष्ण नजर साधारण 2 अंशांपुरतीच असते, हात लांब केल्यावर अंगठ्याची रुंदी दिसते तेवढी. टीप कोपऱ्यात टाकली की डोळ्यांना हेलपाटे पडतात. टीप अशी: ‘26 जुलै सकाळी 8:30 ते 27 जुलै सकाळी 8:30: कुलाबा 73 मिमी, सांताक्रूझ 944 मिमी’. वेळ लिहायलाच हवी, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि हा पाऊस 27 तारखेच्या नोंदीत येतो.

मग आलेख कृष्णधवल करून पाहा. शेंदरी स्तंभ राखाडीत मिसळला, तर रंगांधळ्या वाचकालाही तो चटकन दिसेल याची खात्री नाही. अशा वेळी तो आणखी गडद करायचा.

आणि टिपेत ‘ढगफुटी’ लिहायचं नाही. ती ठरते तासाच्या पावसावरून, ताशी 100 मिलिमीटर किंवा जास्त. हा आलेख दिवसाच्या बेरजेचा आहे.