पेन खपलं, रेझर खपलं, मग परफ्यूम का नाही?

नामांकित ब्रँड वेगळ्याच धंद्यात शिरल्यावर का आपटतो, हा प्रश्न आला की सोलापुरातली बीकॉम-एमबीएची बरीच मुलं एकच कारण लिहितात: नव्या वस्तूचा जुन्या वस्तूशी संबंध नव्हता. हे अर्धंच उत्तर झालं. फ्रान्सच्या ‘बिक’ कंपनीकडे पाहिलं की उरलेलं अर्धं दिसतं.

बिकचं स्वस्त बॉलपेन 1950 मध्ये बाजारात आलं. 1973 मध्ये त्यांनी लायटर काढला आणि 1975 मध्ये वापरून फेकून द्यायचं रेझर. पेन, लायटर आणि रेझर यांचा एकमेकांशी काय संबंध? तरी तिन्ही भरपूर खपले. मग 1989 मध्ये अमेरिकेत बिकचं परफ्यूम आलं, खिशात मावणारी काचेची बाटली, किंमत पाच डॉलर. जाहिरातीवर पैसा ओतूनही ते चाललं नाही आणि लवकरच गुंडाळावं लागलं.

कारण ग्राहक वस्तूंची यादी लक्षात ठेवत नाही. ब्रँडचं नाव ऐकलं की त्याला काही गुण आठवतात. बिक म्हटलं की स्वस्त, साधं, कामापुरतं. रेझर घेताना नेमकं हेच हवं असतं. परफ्यूम मात्र माणूस अंगावर मिरवतो, भेट म्हणून देतो. तिथे ‘स्वस्त आणि कामापुरतं’ हीच आठवण आडवी येते.

आता समजा, आपल्याकडच्या एका चादर कारखान्याचं नाव घट्ट विणीसाठी आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या मालासाठी झालंय. त्याने टॉवेल काढले तर लोक डोळे झाकून घेतील. दप्तरंही कदाचित खपतील, कारण टिकाऊपणा तिथेही लागतो. पण त्याच नावाने शेंगाचटणी काढली तर? सोलापूरच्या चटणीला नाव आहे खरं, पण ती पत गावाची, कारखान्याची नव्हे. शिवाय चटणी ताजी हवी असते. ‘वर्षानुवर्षं टिकते’ ही ख्याती तिथे उलटीच पडणार.

ब्रोनियार्झिक आणि अल्बा या संशोधकांनी 1994 मध्ये हेच तपासून दाखवलं. क्रेस्ट आणि क्लोज-अप, दोन्ही टूथपेस्ट. लोकांची एकूण पसंती क्रेस्टला. पण तोंडाला ताजेपणा देणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला, तेव्हा क्लोज-अपचं नाव वरचढ ठरलं, कारण श्वासाचा ताजेपणा त्याच्याशी जोडलेला होता. म्हणजे नुसतं आवडतं नाव पुरत नाही.

उत्तरात एक चाचणीही लिहा. परीक्षकाला ती क्वचितच वाचायला मिळते. नवी वस्तू एका गटाला नाव झाकून द्यायची, दुसऱ्या गटाला नाव दाखवून. दोन्हीकडे नापसंत झाली तर आधी वस्तूच सुधारायला हवी. नाव झाकल्यावर आवडली आणि दाखवल्यावर नकोशी झाली, तर वस्तू ठेवावी आणि तिला दुसरं नाव द्यावं.